दर्शनी भिंतीचे सांधे: चौरस मीटरला सिमेंट किती, वाळू किती

गिलावा न करता विटा किंवा दगड उघडे ठेवायचे असतील, तर त्यांच्यामधले सांधे बाहेरून थोडे खरवडून त्यांत नव्याने घट्ट माल भरावा लागतो. या कामाला दरजा भरणे किंवा पॉइंटिंग म्हणतात. मोजणी भिंतीच्या चौरस मीटरवर होते, पण माल जातो तो फक्त सांध्यांत. म्हणून सिमेंट-वाळूचा हिशेब क्षेत्रफळापासून नव्हे, सांध्यांच्या लांबीपासून सुरू करावा.

१९ × ९ × ९ सेंटिमीटरची प्रमाणित वीट आणि १० मिलिमीटरचा सांधा धरू. एक मीटर उंचीत विटांचे १० थर बसतात, म्हणजे आडव्या सांध्यांची लांबी चौरस मीटरला १० मीटर होते. इंग्लिश बाँडच्या भिंतीत एका थरात विटेची लांब बाजू दिसते आणि पुढच्या थरात आखूड. लांब बाजूच्या थरात मीटरमागे ५ उभे सांधे येतात, आखूड बाजूच्या थरात १०. दहा थरांत मिळून ७५ उभे सांधे झाले. प्रत्येक ९ सेंटिमीटर उंच, म्हणून त्यांची लांबी पावणेसात मीटर. आडवे-उभे मिळून १६.७५ मीटर सांधा भरायचा आहे.

हा सांधा १० मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर खोल खरवडला असेल, तर पोकळी अडीच लिटरची होते. थापीवरून गळणारा, विटेला चिकटणारा आणि वेड्यावाकड्या खोलीत जाणारा माल पाचवा हिस्सा धरला, की चौरस मीटरला ३ लिटर माल लागतो. एकास तीन प्रमाणाच्या एक घनमीटर मालाला सुमारे ५१० किलो सिमेंट आणि १.०७ घनमीटर वाळू जाते. म्हणजे चौरस मीटरला सुमारे दीड किलो सिमेंट आणि सव्वातीन लिटर वाळू. ५० किलोच्या एका पोत्यात ३२-३३ चौरस मीटर भिंत भरून निघते.

२० मीटर लांब आणि २ मीटर उंच कुंपणाच्या भिंतीची एकच बाजू दर्शनी असेल, तर ४० चौरस मीटरला सव्वा पोतं सिमेंट आणि सुमारे १३० लिटर वाळू लागेल. ही वाळू ब्रासच्या विसाव्या भागाहूनही थोडी कमी भरते. पण सांधा १२ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर खोल निघाला, तर माल ३ वरून जवळजवळ ५ लिटरवर जातो आणि त्याच भिंतीला दोन पोती लागतात. दोन-पाच मिलिमीटरचा फरक नजरेला जाणवत नाही, पोत्यांत मात्र दिसतो. त्यामुळे सिमेंट मागवण्यापूर्वी चार-पाच ठिकाणी खिळा घालून खोली मोजलेली बरी.

दगडाला एकच आकडा लावता येत नाही. ३९ × १९ सेंटिमीटर दर्शनी तोंडाच्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत चौरस मीटरला साडेसात मीटरच्या आतच सांधा येतो, म्हणून तेवढ्याच रुंदी-खोलीला माल विटेच्या निम्म्याहूनही कमी लागतो. ओबडधोबड काळ्या दगडाच्या भिंतीतही सांध्यांची लांबी कमीच असते, पण रुंदी २० ते ३० मिलिमीटरवर जाते आणि मालाची बचत तिथेच संपते. दगड साधारण ३० × २० सेंटिमीटरचे आणि सांधे २० मिलिमीटर रुंद व तेवढेच खोल धरले, तरी घट धरून ४ लिटर माल लागतो.

वाळू फर्म्याने मोजताना ती ओली आहे का, हे पाहावं लागतं. ओलसर वाळू फुगते आणि पाव हिश्शाने फुगलेल्या तीन फर्म्यांत खरी वाळू जेमतेम २.४ फर्मे असते. माल नकळत सिमेंटने जड होतो, आणि असा माल सुकताना आकसून विटेच्या कडेला केसासारखी भेग सोडतो. तेव्हा अशा वाळूचे पावणेचार फर्मे घ्यावेत.

काम बिघडतं ते बहुधा खरवडण्यात. माल ओला असतानाच सांधे खरवडले तर काम सोपं जातं. तो कडक झाल्यावर गवंडी वरवर खरवडतो, आणि चार-पाच मिलिमीटरची पातळ पट्टी वर्षा-दोन वर्षांत सुटून पडते. ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर पट्टी सुटलेली आहे. भिंत कोरडी असली तर वीट मालातलं पाणी ओढून घेते. असा सांधा आठवड्यानंतरही खिळ्याने खरवडला की भुकटी होते. म्हणून आधी धूळ झाडून भिंत भिजवावी, कालवलेला माल अर्ध्या तासात संपवावा आणि नंतर सात दिवस पाणी मारावं.

चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्याच्या भिंतीला हा हिशेब लावू नये. भिंतीतला ओलावा चुन्याच्या मऊ सांध्यांतून बाहेर पडत असतो. सिमेंटने ते बंद झाले की तो विटेतून किंवा दगडातून वाट काढतो, सोबत क्षार आणतो आणि दर्शनी तोंडाच्या खपल्या पडू लागतात. सांधे शाबूत राहतात, पण विटाच खोल झिजतात. अशा भिंतीचे सांधे पुन्हा चुन्यानेच भरावे लागतात.