प्रेशर नॉर्मल आहे, मग डोळ्याला भोक कशाला?

"प्रेशर नॉर्मल हाय म्हनता, मग भोक कशाला पाडता ओ डॉक्टर?"

सोलापुरात डोळ्यांची ओपीडी चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. विचारणारे बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात, डोळ्यावर प्लस नंबरचा जाड चष्मा असतो आणि सोबत आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं: लेझरचं मशीन आणलंय, त्याचे हप्ते आपल्याकडून फेडून घेणार. डॉक्टरवर शंका घ्यायला माझी हरकत नाही, जरूर घ्यावी. पण ती 'प्रेशर नॉर्मल' या पायावर उभी असेल तर पायाच कच्चा आहे. डोळ्यावर हवेची फुंकर मारणारं यंत्र या क्षणी दाब किती आहे तेवढंच सांगतं. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट किती अरुंद आहे, याची त्या यंत्राला गंधवार्ताही नसते.

ती वाट आधी पाहू. बाहुलीभोवतीचा जो तपकिरी पडदा, म्हणजे आयरिस, त्याच्या मागे मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर या वेगाने स्वच्छ पाणी तयार होत असतं. अश्रूंशी त्याचा काही संबंध नाही. हे पाणी आयरिस आणि भिंग यांच्यामधून सरकत बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येतं आणि बुबुळाची पारदर्शक काच व आयरिस जिथे एकमेकांना भेटतात, त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जातं. डॉक्टर ज्याला 'अँगल' किंवा कोन म्हणतात तो हाच कोपरा. मोरीच्या जाळीशेजारी ओला फडका पडलेला असेल तर पाणी नीट वाहून जातं. फडका जाळीवर सरकला की मोरी तुंबते. फडका सरकण्याआधी पाण्याची पातळी मोजली तर ती नॉर्मलच भरणार. आयरिस जाळीला जवळजवळ टेकलेला डोळाही असाच 15-16 प्रेशर दाखवत वर्षानुवर्षं राहू शकतो.

प्लस नंबरवाल्यांना हा धोका जास्त का? कारण त्यांचा डोळा मुळातच आखूड असतो. नागपूरजवळच्या खेड्यांत 2006 ते 2009 या काळात झालेल्या मोठ्या नेत्रपाहणीत डोळ्याची सरासरी लांबी 22.6 मिलिमीटर भरली होती. +4 नंबरचा डोळा सरासरीपेक्षा साधारण सव्वा-दीड मिलिमीटर आखूड असतो. डोळा आखूड असला तरी आतलं भिंग काही त्या मानाने लहान होत नाही, उलट वयाबरोबर ते जाड होत जातं. जागा कमी आणि भिंग जाडजूड, म्हणून आयरिस पुढे ढकलला जातो. पंचविशीत निर्धोक असलेला डोळा साठीला अडचणीत येतो तो असा.

इथे एक घोटाळा निस्तरायला हवा. चाळिशीनंतर वाचायला लागणारा +1.50 किंवा +2 चा चष्मा म्हणजे आखूड डोळ्याचा दोष नव्हे. तो बहुतेक सगळ्यांनाच लागतो. चष्म्याच्या कागदावर लांबच्या नजरेचा आणि जवळच्या नजरेचा नंबर वेगवेगळा लिहिलेला असतो. लांबच्या ओळीत प्लस आकडा असेल, तरच ही चर्चा तुमच्याबद्दल आहे.

आता हा कोन बंद होऊन काचबिंदूचा झटका कसा येतो ते पाहू. आखूड डोळ्यात भिंग आयरिसला मागून टेकतं आणि पाणी बाहुलीतून पुढे यायला अडतं. मागे साचलेलं पाणी आयरिसला पुढे फुगवतं आणि त्याची कड जाळीवर जाऊन बसते. बाहुली पूर्ण लहान किंवा पूर्ण मोठी असताना हे क्वचित घडतं. खरा धोका असतो ती अर्धवट मोठी झालेली असताना. म्हणजे संध्याकाळचा अंधुक उजेड, थिएटरमधला अंधार, मोठा मानसिक धक्का, किंवा दुकानातून आणलेली सर्दीची गोळी. धोत्र्याचा रस लागलेला हात डोळ्याला लागला तरी बाहुली मोठी होते. एकदा वाट बंद झाली की काही तासांत दाब 50-60 वर जातो. नॉर्मल दाब 10 ते 21 असतो, हे लक्षात घ्या.

एक नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. विडी वळणारी 58 वर्षांची बाई. लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना +4, प्रेशर 16 आणि 17, तक्रार फक्त जवळचं नीट दिसत नसल्याची. थोरल्या बहिणीचा एक डोळा 'डोकं दुखून' गेलेला. स्लिट लॅम्पवर उजेडाची बारीक फट बुबुळाच्या कडेला टाकली, तर काच आणि आयरिस यांच्यातलं अंतर काचेच्या जाडीच्या पाव भागाहूनही कमी. हा पहिला इशारा. निकाल मात्र गोनिओस्कोपीने लागतो. डोळा बधिर करून त्यावर आरसे बसवलेली छोटी लेन्स ठेवायची आणि खोलीत अंधार करून कोपऱ्यात डोकावायचं. या बाईंच्या चारपैकी तीन बाजूंना जाळी दिसतच नाही. लेन्स हलकेच दाबली की आयरिस मागे सरतो आणि जाळी दिसू लागते. याचा अर्थ आयरिस जाळीला टेकला आहे, पण अजून चिकटलेला नाही. लेझरला हीच वेळ योग्य. चिकटल्यानंतर भोक पाडलं तरी चिकटलेला भाग सुटत नाही.

लेझर इरिडोटॉमी म्हणजे आयरिसच्या कडेला, वरच्या पापणीखाली झाकलं जाईल अशा जागी किंवा बाजूला, एक बारीक छिद्र. आधी पायलोकार्पिनचे थेंब घालून बाहुली आवळतात, त्यामुळे आयरिस ताणला जाऊन पातळ होतो. दाब अचानक चढू नये म्हणून दुसरं औषध आणि मग बधिर करण्याचे थेंब. डोळ्यावर खास लेन्स ठेवून याग लेझरचे काही झटके देतात. आपल्याकडचे आयरिस गडद आणि जाड असल्याने कधी आधी हिरव्या लेझरने ती जागा पातळ करावी लागते. छिद्र आरपार गेलं की मागचं पाणी रंगाच्या कणांसकट भसकन पुढे येतं. डॉक्टरला ते दिसतं आणि काम झाल्याची ती खूण असते. छिद्र साधारण 200 मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. आता पाण्याला बाहुलीची वाट अडली तरी दुसरी वाट असते. आयरिसच्या पुढचा-मागचा दाब सारखा होतो आणि त्याचा फुगवटा उतरतो. तासाभराने प्रेशर पुन्हा मोजतात, आठवडाभर सूज उतरवणारे थेंब देतात आणि नंतर गोनिओस्कोपी पुन्हा करतात. ही शेवटची पायरी गाळली तर छिद्र पडलं हे कळेल, कोन उघडला की नाही हे कळणार नाही.

मग अरुंद कोन दिसला की प्रत्येकाला लेझर करायचं? अजिबात नाही. इथे संशयी मुलाला निम्मे गुण द्यायला हवेत. वेल्लोरच्या डॉक्टरांनी अरुंद कोनाच्या 50 जणांना पाच वर्षांनी पुन्हा तपासलं (अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला). 11 जणांचा आजार पुढे सरकला होता, पण अचानक झटका एकालाही आला नव्हता. चीनमधल्या ग्वांगझोच्या चाचणीत 889 जणांच्या एकाच डोळ्याला लेझर केलं आणि दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षांत लेझर न केलेल्या 36 डोळ्यांत आणि केलेल्या 19 डोळ्यांत बिघाड झाला. अचानक झटके अनुक्रमे पाच आणि एक. 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापताना संशोधकांनीच म्हटलं, लेझरने फायदा होतो, पण धोका मुळात इतका कमी आहे की सरसकट सगळ्यांना करू नये. शिबिरात कोन अरुंद दिसला की रांगेने लेझर करणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावं.

मग कुणाला करायचं? ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट्सच्या 2022 च्या मार्गदर्शिकेत जास्त धोक्याचे लोक सांगितले आहेत: मोठा प्लस नंबर, घरात या आजाराचा इतिहास, एकच चांगला डोळा, मधुमेहामुळे वारंवार बाहुली मोठी करून तपासणी, बाहुली मोठी करणारी औषधं, आणि दवाखान्यापासून लांब राहणं. शेवटचा मुद्दा मंगळवेढा किंवा अक्कलकोटच्या आडगावातल्या माणसाला चटकन पटेल. रात्री दोनला डोळा दुखायला लागला तर सोलापूर गाठेपर्यंत उजाडतं. आपल्या विडी वळणाऱ्या बाईंचा नंबर फार मोठा नसला तरी कोन तीन बाजूंना बंद आहे आणि बहिणीचा डोळा गेलेला आहे. त्यांना लेझरचा सल्ला देणं धंदा नाही. आणि ज्याला एका डोळ्यात झटका येऊन गेला आहे, त्याच्या दुसऱ्या डोळ्याबद्दल तर चर्चाच नको. तो तसाच सोडला तर पुढच्या पाच-दहा वर्षांत जवळपास निम्म्यांना त्या डोळ्यातही झटका येतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"पित्त उसळलं, म्हणून डोकं दुखतंय आणि उलट्या होतायत." उलट्यांबरोबर एकच डोळा लाल, धूसर आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर ते पित्त नाही. सिव्हिलला किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे त्याच रात्री जा. दाब तासन् तास चढलेला राहिला तर मज्जातंतू मरतो आणि गेलेली नजर परत येत नाही.

"भोकातून डोळ्यातलं पाणी वाहून जाईल." छिद्र आतल्या पडद्याला असतं, बाहेरच्या काचेला नाही. पाणी डोळ्यातच एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं.

"लेझरने चष्मा सुटेल." सुटणार नाही. नंबर घालवायचं लेझर वेगळं, हे वेगळं.

"लेझरने काहीच त्रास होत नाही." थोडा होऊ शकतो. कधी थेंबभर रक्त येतं, ते लेन्स दाबून धरली की थांबतं. काही तास दाब चढू शकतो. काहींना उजेडाची एक आडवी रेघ दिसू लागते, तिची बहुतेकांना सवय होते.

"लेझर झालं, आता काचबिंदू कधीच नाही." लेझर फक्त बाहुलीतली अडवणूक दूर करतं. काहींच्या आयरिसची ठेवणच अशी असते की छिद्रानंतरही कोन बंद राहतो, आणि काहींचं भिंग इतकं पुढे आलेलं असतं की मोतीबिंदूसारखी शस्त्रक्रिया करून ते काढणं हाच खरा उपाय असतो. 2016 च्या 'ईगल' चाचणीत, जिथे दाब आधीच बराच चढला होता किंवा काचबिंदू सुरू झाला होता अशा पन्नाशीपुढच्या रुग्णांत, भिंग काढणं लेझरपेक्षा सरस ठरलं. म्हणून वर्षातून एकदा प्रेशर, नस आणि कोन या तिन्हींची तपासणी.

आणि डॉक्टर लेझर सांगतील तेव्हा 'प्रेशर किती' हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न: गोनिओस्कोपी केलीत का, आणि जाळी किती बाजूंना दिसत नाही? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्याकडून लेझर करून घेऊ नका.