अंगाबरोबर वाकणारा झब्बा

ॲनिमेशनपटातला एखादा माणूस हात वर करतो आणि त्याच्या झब्ब्याची बाही हाताबरोबर वर जाते. पाहणाऱ्याला त्यात काहीच विशेष वाटत नाही, कारण कापडाने तसंच वागायला हवं. पण संगणकात ते कापड आपणहून वागत नाही. माणसाचं शरीर ही बिंदूंची एक जाळी असते, झब्बा ही दुसरी. शरीराचा हात वर गेला म्हणून झब्ब्याला तो कळत नाही. काही केलं नाही तर हात झब्ब्याची बाही फोडून बाहेर येतो आणि झब्बा जागच्या जागी तरंगत राहतो.

हे टाळण्याचा एक जुना मार्ग म्हणजे कपड्यावर हाताने ‘वेट’ रंगवणं. ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आज त्यातलं बरंचसं काम शरीराकडून कपड्याकडे उतरवून घेता येतं. ते नेमकं कसं होतं आणि कुठे फसतं, हे एका झब्ब्याच्या आधाराने पाहू.

आधी वेट म्हणजे काय ते. पात्राच्या आत हाडांचा सांगाडा असतो, त्याला आर्मेचर म्हणतात. जाळीतल्या प्रत्येक बिंदूजवळ एक नोंद असते: कोणत्या हाडाचं किती ऐकायचं. ० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण. दंडाच्या मधला बिंदू `upper_arm.L` या हाडाचं पूर्ण ऐकतो. कोपरावरचा बिंदू थोडं दंडाचं, थोडं पुढच्या हाताचं म्हणजे `forearm.L` चं ऐकतो, म्हणून कोपर गोलसर वाकतं. प्रत्येक हाडाच्या नावाची अशी एक यादी असते, तिला ब्लेंडरमध्ये व्हर्टेक्स ग्रुप म्हणतात. यादीचं नाव आणि हाडाचं नाव तंतोतंत एकच असावं लागतं.

शरीराचं वेट चांगलं रंगवायला अनुभवी माणसालाही वेळ लागतो. खांदा, कोपर, मांडीचा सांधा इथे पुन्हा पुन्हा वाकवून पाहत दुरुस्ती करावी लागते. तीच मेहनत झब्ब्यावर, मग जाकिटावर, मग धोतरावर करायची? शिवाय कितीही काळजी घेतली तरी दोन वेळा रंगवलेलं वेट तंतोतंत सारखं येत नाही. शरीरावरचा बिंदू आणि त्याच्या वरचा कापडाचा बिंदू थोडे वेगळे हलले की त्वचा कापडातून डोकावते. `Automatic Weights` वापरून झब्बा थेट हाडांना जोडला तरी हीच अडचण येते, कारण तेव्हा संगणक झब्ब्याचा हिशोब शरीराकडे न पाहता नव्याने मांडतो. शरीराचंच वेट उचलून कापडाला दिलं, तर दोघं बरोबर हलतात.

उचलायचं कसं? झब्ब्याचा प्रत्येक बिंदू शरीराच्या पृष्ठभागावरची आपल्याला सर्वांत जवळची जागा शोधतो. ती जागा सहसा शरीराच्या एखाद्या लहान त्रिकोणाच्या आत पडते. समजा, कोपराजवळच्या त्रिकोणाच्या तीन टोकांना पुढच्या हाताचं वेट ०.७, ०.५ आणि ०.२ आहे. आपली जागा पहिल्या टोकाला अधिक जवळ आहे, म्हणून तिन्ही टोकांचा वाटा अनुक्रमे ५०, ३० आणि २० टक्के धरला जातो. बेरीज येते ०.३५ + ०.१५ + ०.०४, म्हणजे ०.५४. दंडासाठी तोच हिशोब ०.४६ देतो. झब्ब्याच्या त्या बिंदूला हे दोन आकडे मिळाले, की तो खालच्या त्वचेइतकाच आणि तिच्याच दिशेने हलणार.

ब्लेंडरमध्ये या पद्धतीचं नाव `Nearest Face Interpolated`. तिच्या शेजारीच `Nearest Vertex` हा पर्याय दिसतो. त्यात त्रिकोणाचा हिशोब न करता सर्वांत जवळच्या एकाच बिंदूचं वेट जसंच्या तसं घेतलं जातं. झब्ब्याची जाळी शरीरापेक्षा दाट असेल, तर चार-पाच शेजारी बिंदू एकाच बिंदूची नक्कल करतात आणि वाकलेल्या कोपरावर पायऱ्या दिसू लागतात. त्यामुळे कपड्यांसाठी पहिलाच पर्याय बरा.

प्रत्यक्ष कृती अशी. सुरुवातीला आर्मेचर `Rest Position` मध्ये ठेवायचं, म्हणजे पात्र ज्या मूळ स्थितीत बांधलं त्या स्थितीत उभं राहील. झब्बाही त्याच स्थितीतल्या शरीरावर बेतलेला हवा. शरीर हात पसरून उभं आणि झब्बा हात खाली सोडलेला असेल, तर बाहीला जवळ सापडतील बरगड्या. झब्बा लहान-मोठा करून बसवला असेल तर `Ctrl+A` दाबून `Scale` लागू करावं. मग झब्ब्यावर `Data Transfer` नावाचा मॉडिफायर लावायचा, `Source` मध्ये शरीर निवडायचं, `Vertex Data` आणि त्याखालचं `Vertex Groups` सुरू करायचं आणि वर सांगितलेली पद्धत निवडायची.

इथे बहुतेक नवखे अडकतात. सगळं बरोबर भरूनही काहीच होत नाही, कारण झब्ब्याकडे अजून हाडांच्या नावांच्या याद्याच नसतात, मग वेट उतरणार कुठे? `Generate Data Layers` हे बटण दाबलं की शरीरावरच्या सगळ्या याद्या त्याच नावांनी झब्ब्यावर तयार होतात आणि वेट त्यांत भरलं जातं. त्यानंतर मॉडिफायर `Apply` करायचा. तो तसाच ठेवायचा असेल, तर यादीत तो `Armature` मॉडिफायरच्या वर हवा, नाहीतर हाडं झब्बा हलवायला जातात तेव्हा वेट पोचलेलंच नसतं.

आता तपासणी. झब्बा निवडून `Weight Paint` मध्ये गेलं की प्रत्येक हाडाचं वेट रंगात दिसतं: लाल म्हणजे १, निळं म्हणजे ०, मधले रंग मधल्या किमतींचे. `forearm.L` निवडल्यावर मनगटाकडे लाल, कोपराशी हिरवट-पिवळं आणि दंडावर निळं दिसलं की बाही नीट उतरली. मग पात्राचे हात वर करून, त्याला बसवून आणि एक लांब पाऊल टाकायला लावून पाहायचं. बाही, छाती, पाठ, खांदे या तपासणीत बहुधा एका फटक्यात उत्तीर्ण होतात, कारण तिथे कापड अंगालगत असतं.

झब्ब्याच्या दोन जागा मात्र हमखास दगा देतात. पहिली बगल. झब्बा सैल असतो, त्यामुळे बगलेखालच्या कापडातले काही बिंदू बरगड्यांपेक्षा दंडाला जवळ पडतात. पात्र हात वर करतं आणि झब्ब्याची कड दंडाला चिकटून वर ओढली जाते. पात्र हात आडवे पसरून बांधलं असेल तर हा त्रास कमी होतो, कारण दंड आणि बरगड्या लांब राहतात. तरीही उरलाच, तर शरीराची एक प्रत करून तिचे हात कापून टाकायचे आणि झब्ब्याच्या फक्त धडाच्या भागासाठी ही बिनहाताची प्रत `Source` म्हणून द्यायची. धडाचे बिंदू एका वेगळ्या व्हर्टेक्स ग्रुपमध्ये टाकून तो ग्रुप मॉडिफायरला दिला, की बाहीला हात लागत नाही. जवळ दंडच नाही म्हटल्यावर ते बिंदू बरगड्यांकडेच जातात.

दुसरी जागा अधिक अवघड: कमरेखालचा घेर. झब्ब्याच्या पुढच्या भागात बरोबर मध्यावर दोन शेजारी बिंदू घ्या, दोघांत जेमतेम दोन सेंटिमीटर अंतर. डावीकडच्याला जवळची डावी मांडी, उजवीकडच्याला उजवी. एक जण `thigh.L` चं ऐकू लागतो, दुसरा `thigh.R` चं. उभं असताना काही कळत नाही. पात्र लांब पाऊल टाकतं तेव्हा एक बिंदू पुढे, दुसरा मागे जातो आणि मधलं कापड रबरासारखं ताणलं जाऊन झब्ब्याची विजार होते. संगणकाने चूक केलेली नाही. त्याला फक्त जवळ-लांब कळतं, हे कापड दोन्ही पायांवरून एकसंध लोंबतं हे कळत नाही.

उपाय म्हणजे मध्यावरचा तीव्र बदल पसरवायचा. घेराचे बिंदू निवडून `Weights` मेनूतलं `Smooth` सगळ्या ग्रुपवर अनेक वेळा चालवलं की डाव्या-उजव्या मांडीचं वेट हळूहळू एकमेकांत मिसळतं. मध्यावर दोघांचा वाटा अर्धा-अर्धा होतो आणि कापड दोन पायांच्या मधोमध राहतं. जाणकार मंडळी आणखी एक युक्ती करतात: कमरेपासून गुडघ्यापर्यंत एक साधी नळीसारखी जाळी बनवायची, तिच्यावर हे मिसळलेलं वेट एकदाच नीट बसवायचं आणि झब्बा असो की परकर, घेराचं वेट शरीराऐवजी त्या नळीवरून उतरवायचं.

याच अडचणीवर एपिक गेम्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये वेगळा तोडगा मांडला. कापड आणि त्वचा जिथे पुरेशी जवळ आहेत आणि दोन्ही पृष्ठभागांचं तोंड साधारण एकाच दिशेला आहे, तिथलंच वेट विश्वासाने उचलायचं. बाकीच्या बिंदूंना शरीराकडे विचारायचंच नाही. त्यांच्या आजूबाजूच्या कापडावरून तिथलं वेट गुळगुळीतपणे भरून काढायचं. बगलेतल्या बिंदूचं तोंड बाहेर आणि समोरच्या दंडाच्या त्वचेचं तोंड त्याच्याकडे, म्हणून ती जोडी आपोआप बाद होते. या पद्धतीवर बेतलेलं `Robust Weight Transfer` हे ॲड-ऑन ब्लेंडरसाठी मिळतं.

एवढं करूनही त्वचा कुठे कुठे डोकावू शकते. झब्ब्याची जाळी विरळ असेल तर दोन बिंदूंमधलं कापड सरळ रेषेत जातं आणि खालची गोलाई वर येते. तिथे वेटशी झटापट करण्यात अर्थ नाही. झब्ब्याखाली कायम झाकलेला शरीराचा भाग `Mask` मॉडिफायरने लपवून टाकावा. पात्र गेमसाठी असेल तर आणखी एक काळजी: बऱ्याच गेममध्ये एका बिंदूवर चारच हाडांचा अधिकार चालतो. म्हणून शेवटी `Limit Total` ने संख्या चारवर आणून `Normalize All` ने बेरीज पुन्हा १ करून घ्यावी.

कोणता कपडा या मार्गाने सहज जाईल, हे त्याच्या नेसण्यावरूनच ओळखता येतं. नऊवारीत कापड प्रत्येक पायाभोवती वेगळं जातं, त्यामुळे मांड्यांचं वेट तिला बरंचसं चालतं. सहावारीच्या निऱ्या दोन्ही पायांसमोर एकत्र लोंबतात, म्हणून तिथे झब्ब्याच्या घेराचाच प्रश्न येतो. खांद्यावरून सुटलेला पदर तर कुठल्याच हाडाचा नसतो. त्याला स्वतंत्र हाडं किंवा कापडाचं सिम्युलेशन द्यावं लागतं. आणि शरीराच्या खांद्यावर वेट चुकलेलं असेल, तर ती चूक प्रत्येक कपड्यावर इमानेइतबारे उतरते. म्हणून पहिला कपडा चढवण्याआधी उघड्या शरीराचाच खांदा, कोपर आणि मांडीचा सांधा वाकवून पाहावा. तिथे केलेली दुरुस्ती पुढच्या प्रत्येक कपड्याला मिळते.