विश्लेषण : सरासरी पॅकेज ५.७ लाख, मग बहुतेकांना त्याहून कमी कसे?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की महाविद्यालयांच्या जाहिराती, फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी माहितीपत्रके यांत दोन आकडे हमखास असतात : ‘हायेस्ट पॅकेज’ आणि ‘ॲव्हरेज पॅकेज’. पहिल्या आकड्याकडे बहुतेक पालक थोड्या संशयानेच पाहतात. एवढे पॅकेज एखाद्यालाच मिळणार, हे त्यांना ठाऊक असते. दुसरा आकडा मात्र प्रामाणिक वाटतो. सरासरी म्हणजे साधारण विद्यार्थ्याला मिळणारा पगार, असे गृहीत धरून शैक्षणिक कर्जाचे गणित मांडले जाते. प्रस्तुत लेखकाच्या बॅचनेही प्रवेश घेताना हेच केले होते. चार वर्षांनी वर्गातल्या बहुतेकांच्या हाती पडलेली ऑफर लेटर त्या ‘सरासरी’च्या बरीच खाली होती. महाविद्यालयाने आकडा खोटा दिला नव्हता, तरीही आमचा अंदाज चुकला. असे का होते?

सरासरी आणि मध्यक यांत फरक काय?

दहावीच्या बीजगणितात सांख्यिकीच्या प्रकरणात मध्य आणि मध्यक हे दोन्ही शब्द येतात. मध्य म्हणजे आपली नेहमीची सरासरी. सगळे पगार मिळवायचे आणि माणसांच्या संख्येने भागायचे. मध्यक, म्हणजे मीडियन, काढताना बेरीज करावी लागत नाही. सगळ्यांना पगाराच्या चढत्या क्रमाने रांगेत उभे करायचे आणि बरोबर मधल्या माणसाचा पगार पाहायचा. संख्या सम असेल तर मधल्या दोघांच्या पगाराची सरासरी घ्यायची. निम्मे लोक या आकड्याइतके किंवा त्याहून कमी कमावतात आणि निम्मे त्याइतके किंवा त्याहून जास्त. परीक्षेत दोन्हींना सारखेच गुण असल्याने फरक तिथेच विसरला जातो. पगाराच्या बाबतीत मात्र तो महागात पडतो.

एका वर्गाचे गणित कसे दिसते?

समजण्यासाठी ६० विद्यार्थ्यांचा एक काल्पनिक वर्ग घेऊ. त्यातील ४० जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली. मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या कंपन्यांनी १८ जणांना वार्षिक ३.५ लाखांची ऑफर दिली. १४ जणांना ४.५ लाख, पाच जणांना सात लाख, दोघांना १२ लाख आणि एका विद्यार्थिनीला ४४ लाख मिळाले.

या सगळ्यांची बेरीज २२९ लाख होते. तिला ४० ने भागले की सरासरी येते सुमारे ५.७ लाख. जाहिरातीत हाच आकडा छापला जाईल आणि तो गणिताने अचूक असेल. आता ५.७ लाखांपेक्षा कमी पगार किती जणांना आहे ते मोजा. ३.५ लाखांचे १८ आणि ४.५ लाखांचे १४, म्हणजे ४० पैकी ३२. नोकरी लागलेल्या दर पाच जणांपैकी चार जण ‘सरासरी’च्या खाली आहेत.

मध्यकासाठी रांग लावली तर विसावा आणि एकविसावा असे दोघेही ४.५ लाखांच्या गटात सापडतात. म्हणजे मध्यक ४.५ लाख. वर्गातल्या साधारण विद्यार्थ्याचे चित्र या आकड्यात जास्त खरे दिसते.

एकटी ऑफर एवढा फरक कशी पाडते?

त्या ४४ लाखांच्या ऑफरऐवजी १ कोटी ४ लाखांची ऑफर आली असे समजू. बाकीच्या ३९ जणांच्या पगारात एक रुपयाही वाढलेला नाही, तरी सरासरी ७.२ लाखांवर जाते. उलट ती विद्यार्थिनी यादीतून वगळली तर उरलेल्यांची सरासरी ४.७ लाखांवर येते. मध्यक मात्र तिन्ही वेळा ४.५ लाखांवरच राहतो, कारण रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या व्यक्तीचा पगार कितीही वाढला तरी मधला माणूस बदलत नाही.

उंचीची सरासरी काढताना असा घोटाळा होत नाही. वर्गातला सर्वांत उंच मुलगा इतरांपेक्षा फूटभर उंच असेल, बारापट नाही. पगाराला खालून एक मर्यादा असते, वरून नसते. बरेच जण खालच्या टोकाजवळ दाटीने असतात आणि मोजके फार वर गेलेले असतात. अशी मांडणी असली की सरासरी वरच्या मोजक्यांकडे ओढली जाते. म्हणूनच दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. सरासरी मध्यकापेक्षा बरीच जास्त असेल तर बहुधा काही मोठ्या ऑफरनी ती वर खेचलेली असते.

घराच्या हिशेबात याचा परिणाम काय?

आठ लाखांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे असेल, तर महिन्याचा हप्ता साधारण १३,३०० रुपये येतो. शिकतानाच्या काळातले व्याज यात धरलेले नाही. ५.७ लाखांचे पॅकेज म्हणजे महिन्याला जवळपास ४७,५०० रुपये. त्यातून हप्ता सव्वा ते दीड पट खर्च वाढला तरी भागेल, असे वाटते. मध्यकाने, म्हणजे ४.५ लाखांनी हिशेब केला तर महिन्याला ३७,५०० रुपये येतात आणि हप्त्यात एक तृतीयांशाहून जास्त रक्कम जाते. ३.५ लाखांच्या पॅकेजला महिन्याचे २९ हजारच होतात आणि जवळपास निम्मे हप्त्यात जातात. त्यातच पॅकेज म्हणजे हाती येणारा पगार नव्हे. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम हे सगळे ‘सीटीसी’त धरलेले असते. पुण्यात खोली आणि मेसचे पैसे भरून उरलेल्यात हे सगळे बसवायचे असते.

मग मध्यक छापला की प्रश्न मिटला?

नाही. आपल्या उदाहरणातल्या वर्गात ६० जण होते. सहा जण पुढच्या शिक्षणाला गेले असे धरले, तर नोकरी हवी असलेले ५४ उरतात. त्यातल्या १४ जणांना कॅम्पसमधून काहीच मिळाले नाही. वरच्या दोन्ही आकड्यांत हे १४ जण कुठेच नाहीत. त्यांना रांगेच्या सुरुवातीला उभे केले तर सत्तावीस आणि अठ्ठावीस क्रमांकाचे विद्यार्थी ३.५ लाखांच्या गटात येतात. म्हणजे मध्यक थेट एक लाखाने खाली येतो. ज्या महाविद्यालयात नोकऱ्या कमी लागतात, पण लागलेल्या चांगल्या पगाराच्या असतात, त्याचा मध्यक दिसायला चांगलाच असेल. त्यामुळे मध्यक वाचताना तो कितीजणांचा आहे, हे विचारायलाच हवे.

दुसरी मर्यादा अशी की मध्यक टोकांबद्दल काही सांगत नाही. वरच्या आणि खालच्या पगारांत किती अंतर आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रांगेच्या पाव आणि पाऊण अंतरावरचे पगारही पाहावेत. आपल्या ४० जणांत पाव अंतरावर ३.५ लाख आणि पाऊण अंतरावर ४.५ लाख आहेत. मधले निम्मे विद्यार्थी या एक लाखाच्या पट्ट्यात मावतात, आणि जाहिरातीतले ५.७ लाख या पट्ट्याच्या बाहेर आहेत.

सरासरी कुठे वापरावी?

एकूण रक्कम महत्त्वाची असते तिथे सरासरीच लागते. कंपनीला वर्षाच्या पगारखर्चाची तरतूद करायची असेल तर सरासरीला कर्मचाऱ्यांच्या संख्येने गुणले की एकूण खर्च मिळतो. मध्यकाने गुणून तो मिळत नाही. चूक सरासरीत नाही. ‘एकूण किती’ या प्रश्नाचे उत्तर ‘माझ्यासारख्याला किती’ या प्रश्नाला दिले की फसगत होते.

कायद्यानेही हा फरक ओळखला आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ नुसार शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचे मानधन आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मध्यक यांचे गुणोत्तर जाहीर करावे लागते. इथे सरासरी वापरली असती तर वरिष्ठांचे मोठे पगार तिच्यातच मिसळले असते आणि दरी आहे त्यापेक्षा लहान दिसली असती.

महाविद्यालयाचा मध्यक कुठे सापडेल?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था आपली माहिती एका ठरावीक नमुन्यात भरतात. ती एनआयआरएफच्या आणि संस्थेच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात पाहता येते. त्यात नोकरी व उच्च शिक्षणाच्या तक्त्यात ‘Median salary of placed graduates’ असा रकाना असतो. रक्कम वार्षिक आणि रुपयांत असते. त्याच ओळीत वेळेत पदवी पूर्ण केलेले, नोकरी लागलेले आणि उच्च शिक्षणाला गेलेले विद्यार्थी किती, हेही दिलेले असते. म्हणजे मध्यक कितीजणांचा, या प्रश्नाचे उत्तर शेजारीच मिळते. पदवीधरांतून उच्च शिक्षणाला गेलेले वजा करा आणि उरलेल्यांत नोकरी लागलेले किती, ते पाहा.

ही माहिती संस्थेनेच भरलेली असते आणि ती आधीच्या बॅचची असते, हे ध्यानात ठेवावे. शिवाय चार वर्षांच्या पदवीचा आकडा सगळ्या शाखांचा मिळून असतो. संगणक शाखेच्या मोठ्या ऑफर आणि स्थापत्यच्या छोट्या ऑफर एकाच रांगेत उभ्या असतात. म्हणून पर्याय अर्ज भरण्याआधी महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षाला आपल्या शाखेपुरते तीन प्रश्न विचारावेत : मध्यक किती, तो कितीपैकी कितीजणांचा, आणि एकाच विद्यार्थ्याच्या दोन ऑफर दोनदा तर मोजल्या नाहीत ना? या तिन्हींचे उत्तर ‘ॲव्हरेज चांगले आहे’ असे मिळाले, तर कर्जाचा हप्ता त्या आकड्यावर ठरवू नये.