चाळणी दुसऱ्या हाती देताना

भरतीचं काम पाहणारी व्यक्ती नोकरी सोडते तेव्हा मागे राहते ती बहुधा एक एक्सेल शीट. शेकडो ओळी, प्रत्येक ओळीत एक उमेदवार, आणि उजवीकडे गुणांचा रकाना. एकाला १४, दुसऱ्याला ९. त्या १४चा आणि ९चा हिशेब मात्र शीटमध्ये कुठेच नसतो. तो जाणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि शेवटच्या दिवशी तो त्याच्याबरोबर गेटबाहेर पडतो.

सोमवारी नवा माणूस त्याच खुर्चीत बसतो. अर्ज तसेच, जागा तीच, पण निवड बदलते. गेल्या महिन्यात ज्या मुलाला मुलाखतीला बोलावलं असतं, तो या महिन्यात पहिल्याच चाळणीत गळतो, आणि ते त्याला कधी कळतही नाही. असं होऊ नये म्हणून लिहायचं ते टिपण दोन-तीन पानांचंच असतं. गुण कसे द्यायचे आणि नियम कुठे सोडायचा, एवढंच त्यात लिहायचं असतं. ते नीट लिहिणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे. त्याला गुणवत्ता तपासणीस हवे आहेत. पात्रता आयटीआय किंवा मेकॅनिकल डिप्लोमा. चाळणीला एकूण २० गुण: मोजमापाच्या साधनांवरच्या कामाला ८, ड्रॉइंग वाचता येण्याला ४, तपासणीच्या नोंदी ठेवल्याचा अनुभव असल्यास ४ आणि कामातल्या सलगतेला ४. १२ किंवा जास्त गुण मिळाले की मुलाखतीचं बोलावणं.

इतकं बहुतेक टिपणांत असतं, आणि इथेच थांबलं तर ते निरुपयोगी ठरतं. कारण ८पैकी ५ म्हणजे काय, हे त्यातून कळत नाही. अर्जात ‘व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज’ अशी नुसती नावं लिहिणाऱ्याला एक जण ६ देईल, दुसरा २. म्हणून प्रत्येक गुणापुढे कागदावर काय दिसलं पाहिजे, ते लिहावं लागतं. आपल्या कारखान्यात ते असं ठरलं आहे: साधनांची फक्त नावं असतील तर २. कोणत्या भागाचं कोणतं माप घेत होता, हे लिहिलं असेल तर ५. त्यासोबत वर्षभराच्या किंवा अधिक कामाचा पुरावा असेल तर ८. मधले आकडे द्यायचेच नाहीत. ३ की ४ या घोळात चाळणी करणाऱ्याचा वेळ जातो आणि त्या फटीतून आवडनिवड आत शिरते.

ड्रॉइंग आणि नोंदींसाठीही अशीच भाषा हवी. ‘ड्रॉइंग रीडिंग येतं’ एवढंच लिहिलं तर १, टॉलरन्स कसा तपासला हे लिहिलं तर ४. सलगतेसाठी शेवटची ३ वर्षं पाहायची. त्यात ३ महिन्यांहून मोठा खंड नसेल तर ४, एक असेल तर २, त्याहून जास्त असतील तर शून्य.

आता एक अर्ज पाहू. उमेदवार लातूरकडचा, आयटीआय फिटर. चाकणमधल्याच दोन कारखान्यांत मिळून सव्वादोन वर्षं लाइन इन्स्पेक्शन केलेलं, दोन्हीकडे कॉन्ट्रॅक्टवर. ब्रेक ड्रमचा आतला व्यास कोणत्या साधनाने मोजत होता, हे त्याने अर्जात लिहिलं आहे, पण अनुभवपत्र जोडलेलं नाही. दोन कंत्राटांमध्ये ४ महिन्यांचा खंड, आणि दुसरं संपल्यापासून ५ महिने घरी. रोजचा तपासणी अहवाल भरत असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ड्रॉइंगबद्दल फक्त दोन शब्द.

नियम जसेच्या तसे लावले तर साधनांचे ५, ड्रॉइंगचा १, नोंदींचे ४ आणि दोन खंडांमुळे सलगतेचे शून्य, असे एकूण १० होतात. अर्ज बाद.

इथे टिपणाचा दुसरा भाग लागतो, ठरलेल्या अपवादांचा. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी अशा पट्ट्यांत हजारो मुलं ठेकेदारामार्फत काम करतात. ज्या कारखान्यात ती रोज उभी असतात, तो त्यांना अनुभवपत्र देत नाही, कारण कागदोपत्री ती त्याची माणसं नसतात. ठेकेदार पत्र देईलच, याचीही खात्री नसते. शिवाय कंत्राट संपलं की सेवेत खंड पाडला जातो. तो मुलाच्या चंचलपणाचा पुरावा नव्हे. तो ठेक्याच्या पद्धतीचा भाग आहे. सलगतेचा नियम कायम नोकरीवाल्यांकडे पाहून लिहिला गेला, म्हणून तो या मुलांवर अन्याय करतो.

म्हणून पहिला अपवाद असा: ठेक्यावरच्या कामासाठी अनुभवपत्राऐवजी भविष्यनिर्वाह निधीची सेवानोंद चालेल. ईपीएफओच्या पोर्टलवर सदस्याला स्वतःच्या नोकऱ्यांची यादी, रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा दिसतात. मात्र ठेक्यावरच्या कामगाराच्या नोंदीत बहुतेकदा ठेकेदाराचं नाव असतं, कारखान्याचं नसतं. त्यामुळे सोबत कारखान्याचा गेटपास किंवा ओळखपत्राची प्रत मागायची. पासबुक मागायचं नाही, सेवानोंदच मागायची. पासबुकातल्या जमा रकमेवरून आधीच्या पगाराचा अंदाज येतो आणि चाळणीला त्याची गरज नसते. दुसरा अपवाद: कंत्राट संपल्यामुळे पडलेला ६ महिन्यांपर्यंतचा खंड मोजायचा नाही.

आता त्याच अर्जाची पुन्हा बेरीज करू. सेवानोंद आणि गेटपास आले की साधनांचे ५ वरून ८ होतात. दोन्ही खंड ६ महिन्यांच्या आतले, म्हणून सलगतेचे ४. ड्रॉइंगचा १ तसाच, नोंदींचे ४ तसेच. एकूण १७. उमेदवार तोच, अर्ज तोच. टिपणातल्या दोन ओळी नव्या माणसापर्यंत पोहोचल्या असत्या तर त्याला बोलावणं गेलं असतं, नसत्या तर नाही.

याला मर्यादाही आहे आणि टिपणात ती लिहिलेली बरी. सेवानोंद माणूस कुठे आणि किती दिवस होता हे सांगते, काय करत होता हे सांगत नाही. म्हणून या अपवादातून आलेल्यांच्या हातात मुलाखतीत एक भाग आणि मायक्रोमीटर द्यायचा. वाचन घेताना हात कसा चालतो, शून्याची चूक आधी तपासतो का, हे दोन मिनिटांत कळतं.

अपवादांविषयी एक जुना आणि अजून लागू पडणारा विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ सालच्या पुस्तकात मांडला. माणसांबद्दलचे अंदाज अनुभवी तज्ज्ञांनी मनाने बांधले तर जास्त बरोबर येतात की साध्या ठरलेल्या सूत्राने, हे त्यांनी तपासलं. सूत्र बहुतेक ठिकाणी तज्ज्ञांच्या बरोबरीचं किंवा सरस निघालं. मग सूत्र कधी बाजूला ठेवायचं? मील यांचं उदाहरण सिनेमाचं आहे. अमुक प्राध्यापक ठरलेल्या दिवशी सिनेमाला जातीलच, असं सूत्र सांगतं. पण त्यांचा पाय कालच मोडला असेल तर सूत्र सोडून द्यावं. अडचण अशी की एकदा ही मुभा मिळाली की माणसाला प्रत्येक अर्जात मोडलेला पाय दिसू लागतो. ‘मुलगा बोलण्यात चुणचुणीत वाटला’ हा मोडलेला पाय नव्हे. ‘अनुभवपत्र देण्याची तिथे पद्धतच नाही’ हा आहे, कारण ते बाहेरून तपासता येतं.

याच कसोटीवर प्रत्येक अपवादाची नोंद करायची. कोणती तपासता येणारी गोष्ट दिसली की तो लागू होतो, त्याने नेमका कोणता गुण बदलतो, तो कोणी मान्य केला आणि कधीपर्यंत आहे. शेवटच्या मुद्द्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. समजा, एका मोठ्या ऑर्डरच्या वेळी माणसं तातडीने हवी होती, म्हणून बोलावण्याची रेषा १२ वरून १० वर आणली. ऑर्डर मार्चअखेर संपली. पण शीटमध्ये १० मिळालेली माणसं ‘बोलावले’ या शेऱ्यासह तशीच आहेत. नवा माणूस जुन्या ओळी पाहून शिकतो आणि रेषा १०च आहे असं धरून चालतो. संपलेला अपवाद टिपणातून पुसू नये. तो संपल्याच्या तारखेसह ठेवावा, म्हणजे जुन्या ओळींचा उलगडा होतो.

उलट बाजूने, तोंडी अपवाद टिपणात येऊ देऊ नयेत. ‘साहेबांनी सांगितलं होतं, आपल्या भागातली मुलं टिकत नाहीत’ किंवा ‘लग्न झालेल्या मुली नको’ अशी वाक्यं भरतीच्या खोल्यांत ऐकू येतात. कागदावर लिहायची वेळ आली की ती लिहिणाऱ्यालाच ओशाळवाणी वाटतात, आणि लिहिण्याचा हाही एक फायदा आहे. आडनावाचा प्रश्न तर आपल्याकडे जुनाच. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश होती, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. म्हणून नाव, फोटो आणि गाव हे रकाने लपवून गुण द्यावेत, ही टिपणातली सूचना शोभेची नाही. आणखी एक सूचना सोबत हवी: एका उमेदवाराचे चारही गुण सलग देऊ नयेत. आधी सगळ्यांचे साधनांचे गुण, मग सगळ्यांचे ड्रॉइंगचे. नाहीतर पहिल्या रकान्यातल्या ८ची छाया पुढच्या तिन्हींवर पडते.

टिपण पुरेसं आहे की नाही, हे वाचून कळत नाही. त्यासाठी जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने जुनेच २० अर्ज घ्यावेत, वेगवेगळे बसून, एकमेकांचे आकडे न पाहता गुण द्यावेत. मग दोन्ही शीट शेजारी ठेवाव्यात. जिथे एकूण फरक ३ किंवा जास्त आहे, ते अर्ज बाजूला काढायचे आणि कोणत्या रकान्यात फरक पडला ते शोधायचं. ‘तुमचं चुकलं’ हे शब्द तिथे नकोत. दोन समंजस माणसांनी एकच ओळ वाचून वेगळे गुण दिले असतील तर ओळच अपुरी आहे, ती दुरुस्त करायची.

आपल्या कारखान्यात अशी तपासणी झाली तर अडचण बहुधा ड्रॉइंगच्या रकान्यात येईल. ‘टॉलरन्स कसा तपासला’ याला जाणारी बाई ‘गो–नो गो गेज वापरला’ एवढा उल्लेख पुरेसा धरेल. येणारा तरुण मिलिमीटरमधला आकडा शोधेल. बसून बोलल्यावर दोघं मान्य करतील की गो–नो गो गेजने भाग पास की फेल एवढंच कळतं, त्यासाठी ड्रॉइंग उघडावंही लागत नाही. मग त्या ओळीत भर पडेल: फक्त गो–नो गो गेजचा उल्लेख असेल तर १. खाली तारीख, दोघांच्या सह्या, आणि पुन्हा नवे २० अर्ज.