कायेनमध्ये मागे पडलेले घड्याळ

झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ साली दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर कायेनला गेला, तो मंगळ पाहायला. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ येणार होता. पॅरिसमधून कासिनीने आणि कायेनमधून रिशेने त्याच्या जागेच्या नोंदी घ्यायच्या आणि दोन्हींतल्या फरकावरून त्याचे अंतर काढायचे, असा बेत होता. त्यासाठी लंबकाचे उत्तम घड्याळ हवे होते. पण पॅरिसमध्ये अचूक लावलेले लंबकाचे घड्याळ कायेनमध्ये रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळात बिघाड नव्हता. तरीही लंबक पॅरिसपेक्षा सावकाश हलत होता.

लंबक सावकाश का होतो, याची कारणे मोजकीच आहेत. दोरीला टांगलेला गोळा बाजूला ओढून सोडला की तो पलीकडे जाऊन परत येतो. या एका पूर्ण फेरीला लागणारा वेळ म्हणजे आवर्तकाल. तो असा काढतात:

T = 2π√(L/g)

L म्हणजे टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी आणि g म्हणजे त्या ठिकाणचे गुरुत्वीय त्वरण. गोळ्याचे वस्तुमान या सूत्रात कुठेच नाही, आणि ते विसरून राहिलेले नाही. गोळा दुप्पट जड केला तर पृथ्वी त्याला दुप्पट जोराने ओढते, पण तो हलवायलाही दुप्पट जोर लागतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना फेडून टाकतात. म्हणून शिशाचा आणि लाकडाचा गोळा सारख्याच लांबीच्या दोरीवर बरोबरीने झुलतात. हवेच्या विरोधामुळे लाकडाचा लवकर थांबतो, एवढेच.

तेव्हा संशय घ्यायला दोनच जागा उरतात: लांबी आणि गुरुत्व. रिशेच्या काळी पहिला संशय साहजिकच लांबीवर गेला. कायेन विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर आहे, तिथे उकाडा असतो, आणि उष्णतेने धातूचा गज लांब होतो. गज लांब झाला की घड्याळ मागे पडते, हे खरेच आहे. फक्त किती मागे पडते, ते मोजून पाहायला हवे.

इथे एक सोपा हिशेब उपयोगी पडतो. सूत्रात वर्गमूळ असल्यामुळे लांबी चौपट केली तर आवर्तकाल दुप्पटच होतो. आणि बदल बारीक असेल तर लांबीत जेवढे टक्के वाढ, त्याच्या निम्मे टक्के आवर्तकालात. लोखंडी गज दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे ०.००१२ टक्के वाढतो. कायेनची हवा पॅरिसपेक्षा १५ अंशांनी गरम धरली तर वाढ ०.०१८ टक्के झाली. त्याचे निम्मे ०.००९ टक्के. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात, त्यातले ०.००९ टक्के म्हणजे आठ सेकंदही नाहीत. अडीच मिनिटांशी याचा मेळच बसत नाही. एवढा फरक नुसत्या उष्णतेने पाडायचा तर गज जवळजवळ तीनशे अंशांनी तापवावा लागेल. न्यूटननेही पुढे ‘प्रिन्सिपिया’त उष्णतेचा वाटा असाच तपासला आणि तो अपुरा ठरवला.

रिशेने घड्याळाच्या मागे पडण्यावरच विसंबून निष्कर्ष काढला नाही, ही मला त्याच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. त्याने साधा लंबकच टांगला आणि त्याची लांबी अशी जुळवत नेली की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला बरोबर एक सेकंद लागावा. याला सेकंद लंबक म्हणतात. त्याचा पूर्ण आवर्तकाल दोन सेकंद असतो. पॅरिसमध्ये अशा लंबकाची लांबी ठाऊक होती, सुमारे ९९.४ सेंटिमीटर. कायेनमध्ये तो सव्वा ‘लीन्य’ या फ्रेंच मापाने, म्हणजे आजच्या सुमारे २.८ मिलिमीटरने, आखूड करावा लागला. दहा महिने दर आठवड्याला त्याने हे मोजमाप पुन्हा पुन्हा केले.

आज दोन्ही ठिकाणचे गुरुत्व आपल्याला माहीत आहे. पॅरिसमध्ये g सुमारे ९.८१० आणि कायेनमध्ये सुमारे ९.७८१ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे फरक ०.३० टक्के. आवर्तकाल तोच ठेवायचा तर लांबीही त्याच प्रमाणात कमी करावी लागते: ९९.४ सेंटिमीटरचे ०.३० टक्के, म्हणजे जवळजवळ ३ मिलिमीटर. रिशेने २.८ काढले होते. लांबी न बदलता घड्याळ तसेच चालू दिले तर आवर्तकाल ०.१५ टक्के वाढतो आणि दिवसाला सुमारे २ मिनिटे ८ सेकंदांची तूट येते. अडीच मिनिटांचा आकडा याहून मोठा आहे. लांबीचे माप मात्र खऱ्याच्या अगदी जवळ पोचले होते.

हे जमण्यामागे एक काळजी होती. वरचे सूत्र झोका लहान असेल तरच चालते. झोका मोठा झाला की आवर्तकाल किंचित वाढतो. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना दहा-दहा अंशांचा झोका घेतला तर ही वाढ ०.१९ टक्के भरते, म्हणजे दिवसाला पावणेतीन मिनिटांच्या घरात. रिशे जो फरक शोधत होता त्याहून ही चूक मोठी! त्याने झोके अगदी बारीक ठेवले होते. ते बावन्न मिनिटांपर्यंत दिसत राहायचे आणि तेवढा वेळ तो ते घड्याळाशी ताडून पाहायचा. शाळेच्या प्रयोगशाळेतही हाच नियम पाळतात. एका फेरीचा वेळ कधी मोजत नाहीत. वीस फेऱ्यांचा मोजतात आणि भागतात, म्हणजे बोट दाबायला झालेला उशीर वीस जागी वाटला जातो. मोजणी गोळा मधल्या रेषेवरून जाताना सुरू करतात, कारण तिथे तो सर्वांत वेगात असतो आणि क्षण नेमका पकडता येतो. टोकाला तो रेंगाळतो. आणि सुरुवातीला ‘एक’ नव्हे, ‘शून्य’ म्हणायचे असते, नाहीतर एकोणीस फेऱ्यांनाच वीस समजून आपण भागाकार करून बसतो.

कायेनमध्ये गुरुत्व कमी का, याचे उत्तर न्यूटनने १६८७ मध्ये दिले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताकडे वजन थोडे कमी भरते. शिवाय त्या फिरण्यानेच ती मध्ये फुगली आहे, म्हणून तिथला पृष्ठभाग केंद्रापासून दूर आहे. मुंबईही पॅरिसपेक्षा विषुववृत्ताच्या बरीच जवळ. पॅरिसचे लंबकाचे घड्याळ न जुळवता मुंबईत आणून लावले तर ते दिवसाला पावणेदोन मिनिटे मागे पडेल. अशा घड्याळात गोळ्याखाली एक स्क्रू असतो; तो फिरवून गोळा किंचित वर घेतला की झाले.

आता समजा, रिशेने लंबकाऐवजी स्प्रिंगला वजन टांगून त्याची वरखाली होणारी दोलने मोजली असती. त्याला काहीच फरक दिसला नसता. स्प्रिंगचे सूत्र असे:

T = 2π√(m/k)

इथे m म्हणजे टांगलेले वस्तुमान आणि k म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा, ज्याला पुस्तकात बलस्थिरांक म्हणतात. लंबकात नसलेले वस्तुमान इथे आहे आणि लंबकात असलेले g इथे नाही. स्प्रिंग वजनाला किती जोराने मागे ओढणार, हे ती मधल्या जागेपासून किती ताणली किंवा दाबली गेली यावरच ठरते. वजन जड केले म्हणून ती जास्त जोर लावत नाही, त्यामुळे जड वजन सावकाश हलते. वस्तुमान चौपट केले तर आवर्तकाल दुप्पट होतो.

पण टांगलेल्या स्प्रिंगवर गुरुत्व तर काम करतेच, मग ते गेले कुठे, असा प्रश्न पडायला हवा. समजा, वजन टांगल्यावर स्प्रिंग १० सेंटिमीटर ताणली जाऊन स्थिर झाली. गुरुत्वाचे काम इथेच संपते. त्याने मधली जागा १० सेंटिमीटर खाली नेली. यापुढे वजन त्या नव्या जागेच्या वरखाली हलते आणि त्या हलण्यावर फक्त स्प्रिंगचा ताठपणा आणि वस्तुमान यांचा अंमल चालतो.

इथे एक मजेदार जोडी जमवता येते. १० सेंटिमीटर ताणलेल्या या स्प्रिंगचा आवर्तकाल काढला तर तो ०.६३ सेकंद येतो, आणि १० सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचाही तेवढाच येतो. दोघे शेजारी टांगून एकदम सोडले तर बराच वेळ जोडीने चालतात. स्प्रिंगचे स्वतःचे वजन फार असेल तर ती थोडी मागे पडते. हिशेबात तिच्या वस्तुमानाचा साधारण एक तृतीयांश भाग टांगलेल्या वजनात धरावा लागतो. आता ही जोडी चंद्रावर नेली, जिथे गुरुत्व इथल्या सुमारे एक षष्ठांश आहे, तर लंबक सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे जवळजवळ अडीच पटीने, मंदावेल आणि एका फेरीला १.५५ सेकंद घेईल. स्प्रिंग तिथे १० ऐवजी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर ताणली जाईल, पण दोलनाला तोच ०.६३ सेकंद घेईल.

अंतराळयानात तर लंबक झुलतच नाही. नेहमीचा वजनकाटाही तिथे निकामी होतो, कारण यानाबरोबर सगळेच तरंगत असतात. स्प्रिंग मात्र चालते. १९७३ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकावर विल्यम थॉर्नटन यांनी तयार केलेली, स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे हेलकावणारी खुर्ची होती. अंतराळवीर तिच्यात बसायचा, खुर्ची सोडायची आणि आवर्तकाल मोजायचा. हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. रिकाम्या खुर्चीचे वस्तुमान २० किलो आणि आवर्तकाल १.२ सेकंद असेल, आणि माणूस बसल्यावर आवर्तकाल २.४ सेकंद झाला, तर तो दुप्पट झाला. म्हणजे एकूण वस्तुमान चौपट, ८० किलो. खुर्चीचे २० वजा केले की माणसाचे ६० किलो. k किती आहे, हे माहीत असायचीही गरज नाही.

वर्गमूळ मात्र इथे उलटे अंगावर येते. वेळ मोजताना एक टक्का चूक झाली तर वस्तुमानात दोन टक्के होते. २.४ ऐवजी २.४१ सेकंद वाचले तरी ६० किलोच्या माणसाचे वस्तुमान पाऊण किलोच्या आसपास जास्त दिसेल. त्याहून मोठी अडचण शरीराचीच आहे. हातपाय सैल असले तर ते खुर्चीबरोबर न हलता मागाहून हलतात, आणि मग आवर्तकाल शरीराच्या वस्तुमानाचा राहत नाही. म्हणून अंतराळवीराला पट्ट्यांनी करकचून बांधतात आणि मोजणी चालू असेपर्यंत त्याला अंग आवळून एकसंध राहावे लागते.