एका प्रश्नाची तीन बरोबर उत्तरे

‘गटात न बसणारे पद ओळखा : सिंधुदुर्ग, पद्मदुर्ग, जंजिरा, रायगड.’ काढणाऱ्याच्या मनात उत्तर आहे रायगड, कारण बाकीचे तिन्ही जलदुर्ग. पण एखाद्या मुलीने जंजिरा लिहिले तर? तो सिद्दींचा, मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही. उरलेले तिन्ही स्वराज्यातले. तिसऱ्याने सिंधुदुर्ग लिहिले, तर तोही चुकला नाही, कारण इतर तिन्ही किल्ले आजच्या रायगड जिल्ह्यात येतात. गुण कुणाचे कापणार?

दुरुस्ती करताना प्रत्येक पद आळीपाळीने बाहेर काढावे आणि उरलेल्या तिघांना बांधणारे काही सापडते का, ते पाहावे. फक्त एकदाच सापडले पाहिजे. जंजिऱ्याऐवजी खांदेरी घेतला की सिद्दींची अडचण मिटते. रायगडाऐवजी प्रतापगड घेतला की जिल्ह्याची. आता प्रतापगड हेच उत्तर, असे वाटते. पण 2025 मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत सिंधुदुर्ग, खांदेरी, प्रतापगड आहेत, पद्मदुर्ग नाही. हुशार मूल तेही शोधून काढते! म्हणून माझ्या मते निकष प्रश्नातच सांगून टाकावा : ‘बांधणीच्या जागेनुसार गटात न बसणारा किल्ला ओळखा.’ यात प्रश्न सोपा होतो ही तक्रार मला पटत नाही. कोणता किल्ला कुठे आहे, हे माहीत असावेच लागते.

कालानुक्रमाच्या प्रश्नात घोळ होतो तो घटनेच्या नावाने. अफझलखानाचा वध, सुरतेची लूट, पुरंदरचा तह, आग्र्याहून सुटका, हा क्रम 1659, 1664, 1665, 1666 असा सरळ दिसतो. पण सुरत 1670 मध्ये पुन्हा लुटली गेली. ती धरली तर सुरत थेट शेवटी जाते आणि दोन क्रम बरोबर ठरतात. ‘सुरतेची पहिली लूट’ एवढे लिहिले की वाद संपतो. लांबत जाणाऱ्या घटनांचेही तसेच. ‘शाहिस्तेखानाची स्वारी’ 1660 मध्ये सुरू होऊन 1663 पर्यंत चालली. त्यापेक्षा ‘लाल महालावरचा छापा’ द्यावा, तो एका रात्रीचा आहे.

पर्यायांकडेही बघावे. चारपैकी एकच पर्याय अफझलखानापासून सुरू होत असेल, तर बाकीचे काही न येताही गुण मिळतो. निदान तीन पर्यायांची सुरुवात सारखी ठेवावी. मग तह आधी की आग्रा आधी, याचा विचार करावाच लागतो, आणि तो सनावळी पाठ नसतानाही करता येतो : पुरंदरचा तह झाला म्हणूनच तर महाराज आग्र्याला गेले. घटनांमध्ये असा धागा नसेल आणि त्या केवळ सन आठवूनच लागत असतील, तर तो प्रश्न मी तरी पत्रिकेत घेणार नाही.