कुत्र्याचे जुलाब आणि पचायला हलका आहार

कुत्र्याला जुलाब झाले की त्याला दूधभात किंवा दूधपोळी देण्याची पद्धत घरोघरी दिसते. परंतु प्रौढ कुत्र्यांपैकी अनेकांच्या आतड्यात दुग्धशर्करा (दुधातील नैसर्गिक साखर) पचविणारा घटक पुरेसा नसतो, आणि न पचलेली ही साखर, कोरड्या मातीने ओल खेचावी तसे, आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढविते. जुलाबात द्यायचा हलका आहार म्हणजे केवळ मऊ अन्न नव्हे, तर कमी चरबीचे, सहज पचणारे अन्न होय. कातडी व हाडे काढून उकडलेले कोंबडीचे मांस एक भाग आणि मऊ शिजलेला भात दोन भाग, मीठ, तेल व मसाल्यांविना, आणि कांदा-लसूण मुळीच न घालता (ही दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करू शकतात), दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. मल बांधून आल्यावर तीन-चार दिवसांत नेहमीचे अन्न हळूहळू मिसळावे. पाणी कधीही बंद करू नये, आणि माणसांची जुलाब थांबविणारी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये, कारण काही जातींच्या कुत्र्यांना ती विषारी ठरते.

हे उपचार खेळत्या, खात्या प्रौढ कुत्र्यापुरतेच आहेत. मलात रक्त, डांबरासारखा काळा मल, वारंवार उलट्या, मलूलपणा, कोरड्या चिकट हिरड्या किंवा मानेजवळची त्वचा चिमटीत उचलून सोडल्यावर सावकाश खाली बसणे (निर्जलीकरणाची म्हणजे शरीरातील पाणी घटल्याची खूण) दिसल्यास, अथवा दोन दिवसांत उतार न पडल्यास, पशुवैद्याकडे जावे. पिल्लाच्या बाबतीत, विशेषतः लसीकरण अपुरे असल्यास, पहिल्याच दिवशी न्यावे.